लोशन खाली, परफ्यूम वर: सुगंध टिकतो तो कसा आणि कुठवर

प्रश्न: मी पुण्यात एका शाळेत शिकवते. माझ्याकडे गुलाबाचा एक ओ द परफ्यूम आहे. सकाळी साडेसातला चार फवारे मारून निघते, साडेदहापर्यंत काहीच उरत नाही. मैत्रिणीने सांगितलं, आधी सुगंधी लोशन लाव आणि त्यावर परफ्यूम मार. व्हॅनिलाचं लोशन आणलं. वास टिकला, पण गुलाब गेला आणि संध्याकाळपर्यंत अंगाला केकसारखा वास येत राहिला. मग घाण्याचं खोबरेल लावून पाहिलं, तर परफ्यूम मारला की नाही तेच कळेना. नक्की काय चुकतंय?

उत्तर: तुमचे दोन्ही प्रयोग फसले, पण वेगवेगळ्या कारणांनी. मी २६ वर्षं अत्तरं मिसळतोय आणि विकतोय. दुकानात ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गैरसमज एकच असतो: तेल किंवा लोशन सुगंधात भर घालतं. साधं तेल काहीच भर घालत नाही. ते फक्त सुगंधाचा खर्च आवरतं. पगार तोच, पण दहा तारखेला संपायचा तो वीस तारखेपर्यंत पुरवायचा, असला प्रकार आहे. आणि पुरवून खायचं म्हटलं की रोजचं पान थोडं साधं होणार, हे ओघानेच आलं.

वास येतो म्हणजे सुगंधाचे कण त्वचेवरून उडून हवेत जात असतात. फवारा मारल्यावर त्यातला अल्कोहोल मिनिटभरात निघून जातो आणि त्वचेवर सुगंधी द्रव्यांचा अगदी पातळ थर उरतो. त्यातली हलकी द्रव्यं, म्हणजे लिंबू, संत्र, बर्गमॉट, आधी उडतात. मग फुलं जातात. चंदन, पॅचुली, व्हॅनिला, कस्तुरीछाप मस्क ही जड मंडळी शेवटपर्यंत बसून राहतात. कागदाच्या पट्टीवर लिंबाचं तेल टाकलं तर तासा-दोन तासांत मामला आटोपतो, पण पॅचुलीची पट्टी चार दिवसांनी उचलली तरी वास देते. कोरड्या त्वचेवर हा थर उघड्यावर पडलेला असतो, त्यामुळे सगळंच भराभर उडतं. त्वचेवर आधी तेलाचा पातळ पापुद्रा असेल तर सुगंधी द्रव्यं त्यात विरघळतात, कारण ती स्वतः तेलाशीच जमवून घेणारी असतात. विरघळलेल्या कणाला सुटून हवेत जायला जास्त वेळ लागतो. पुण्याच्या हिवाळ्यात हात पांढरे पडतात, ओरखडा काढला तर रेघ उमटते. त्या दिवसांत तेलाचा फरक सर्वांत जास्त जाणवतो, हे माझ्या गिऱ्हाइकांवरून मी सांगू शकतो.

ही युक्ती नवीन नाही. कन्नौजला देग-भपक्यात गुलाब चढवतात तेव्हा देगेत पाणी आणि पाकळ्या असतात आणि वाफ जिथे जाऊन थंड होते त्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल घालून ठेवलेलं असतं. गुलाबाचा अर्क त्या चंदनातच उतरतो. म्हणजे तुम्ही त्वचेवर जे करू पाहताय ते काम तिथे बाटली भरण्याआधीच झालेलं असतं: खाली जड, संथ तेल आणि त्यात बांधून ठेवलेलं फूल. आपल्याकडे हळदीकुंकवाला मनगटाच्या मागच्या बाजूला लावलेलं अत्तराचं एक बोट रात्रीपर्यंत का दरवळतं, त्याचं कारण तेच. अर्थात चंदनतेल आता इतकं महाग झालंय की स्वस्तातल्या अत्तरांत त्याच्या जागी बिनवासाचं लिक्विड पॅराफिन किंवा तसलंच काही असतं. ते बांधून ठेवण्याचं काम थोडंफार करतं, पण चंदनाचा स्वतःचा मऊपणा कुठून आणणार.

आता तुमचं खोबरेल. इथे दोन घोटाळे झालेत. घाण्याच्या खोबरेलाला स्वतःचा ठसठशीत वास असतो. गुलाबाखाली तो आला की खोबऱ्याच्या वडीवर गुलाबपाणी शिंपडल्यासारखं होतं. ते वाईट नाही, पण तुम्ही परफ्यूमचे पैसे त्यासाठी दिले नव्हते. दुसरा घोटाळा मात्रेचा. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही अंगाला लावतो तसं तळहातावर घेऊन चोपडलं असणार. जाड थरात परफ्यूम इतका बुडतो की वर येतच नाही. आमच्याकडे म्हणतात, वास झोपला. नाक मनगटाला टेकवलं तर लागतो, वीतभर अंतरावरून नाही. तेल जितकं जास्त तितका सुगंध जास्त टिकतो, पण तितकाच मंदही होतो, आणि एका मर्यादेनंतर तो इतका मंद होतो की टिकला काय आणि नाही काय, सारखंच.

मात्रा मोजायची सोपी पद्धत सांगतो. एका हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत तीन ते चार थेंब पुरतात. दोन्ही हात, मान आणि गळ्याखालचा भाग धरून चहाचा अर्धा चमचाही लागत नाही. लावून पाच-दहा मिनिटांनी त्वचेवर टिश्यू पेपर हलकेच दाबा. पेपरवर पारदर्शक डाग उमटला तर तेल जास्त झालंय, तोच पेपर फिरवून टिपून घ्या. डाग नाही, पण बोट फिरवल्यावर त्वचा मऊ लागते, एवढंच हवं.

तेल कोणतं? ज्याला वास नाही ते. गोडं बदाम तेल चालतं, पण ‘बदाम’ लिहिलेली केसांची बरीच तेलं म्हणजे वास घातलेलं खनिज तेल असतं, तेव्हा बाटली उलटी करून वाचा. जोजोबा महाग आहे, पण फार दिवस खवट होत नाही आणि त्वचेवर चिकटही लागत नाही. मी स्वतः नारळाच्याच तेलाचा तो पातळ, पाण्यासारखा प्रकार वापरतो जो थंडीतही थिजत नाही आणि ज्याला वासच नसतो. दुकानात तो फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल म्हणून मिळतो. तिळाचं नको, त्याचा वास दबत नाही. आणि घरातलं कुठलंही तेल वापरण्याआधी एकदा हुंगा. खवटपणा जिभेच्या आधी नाकाला कळतो आणि गुलाबाच्या हलक्या वासाखाली तो हमखास डोकं वर काढतो.

आता व्हॅनिलाच्या लोशनकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण समजतो की परफ्यूम म्हणजे खरा वास आणि लोशनचा वास म्हणजे नुसता शिडकावा. हिशेब करून पाहू. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव येतो. तुमचे चार फवारे म्हणजे ०.४ मिलिलिटर. ओ द परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य १५ टक्के धरलं तर त्वचेवर साधारण ६० मिलिग्रॅम पडलं. लोशनमध्ये सुगंध खूप कमी असतो, अर्धा ते एक टक्का. पण लोशन आपण थेंबाने लावत नाही. दोन हात, मान, पाय असं करत पाच-सहा ग्रॅम सहज लागतं. एक टक्क्याने पाच ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम सुगंध आला. म्हणजे तुम्ही गुलाबाखाली जवळजवळ गुलाबाइतकाच दुसरा परफ्यूम लावून ठेवला होता. त्यात गुलाब मधल्या फळीतला गडी आणि व्हॅनिला शेवटपर्यंत टिकणारी. दुपारी गुलाब दमून गेल्यावर मैदानात कोण उरणार? तुम्ही म्हणता तो केक तोच. ‘टिकला’ असं तुम्हाला वाटलं तो तुमचा परफ्यूम नव्हताच, ते लोशन होतं.

म्हणून सुगंधी लोशन निवडायचं तर ते दुसरा परफ्यूम आहे असं धरूनच निवडा. दोन मार्ग आहेत. पहिला, त्याच परफ्यूमचं जोडीचं लोशन, जे बऱ्याच कंपन्या काढतात. पैसे जास्त पडतात, पण भांडण होत नाही. दुसरा, तुमच्या परफ्यूमच्या तळाशी जे आहे तेच वास असलेलं लोशन. तळ ओळखायला परफ्यूम कागदाच्या पट्टीवर मारा, पट्टी रात्रभर उघडी ठेवा आणि सकाळी हुंगा. जे उरलं असेल तो तळ. गुलाबाच्या परफ्यूममध्ये बहुतेक वेळा पॅचुली, चंदन किंवा पांढरा, साबणासारखा स्वच्छ मस्क निघतो. चंदन असेल तर चंदनाचं लोशन, मस्क असेल तर हलक्या मस्कचं. मग गुलाब ओसरला तरी खाली जे उरतं ते त्याच घरातलं असतं. गुलाबाखाली वाळाही छान बसतो, थोडा मातकट, थंड, उन्हाळ्यात विशेष. मोगऱ्याचं लोशन मात्र टाळा. फुलाखाली दुसरं तितकंच बोलकं फूल आलं की दोघंही एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. (मोगऱ्यावर माझा राग नाही. गजरा वेगळा आणि मोगऱ्याचं कृत्रिम लोशन वेगळं.)

मला स्वतःला विचाराल तर रोजच्यासाठी बिनवासाचंच काही खाली लावा. सुगंधी लोशनची जोडी जमवणं हा हौसेचा भाग. तुम्हाला गुलाब टिकवायचाय आणि त्यासाठी दुसऱ्या वासाची गरजच नाही.

लोशन आणि तेल यांत एक फरक ध्यानात ठेवा. पंपाच्या बाटलीतल्या पातळ लोशनमध्ये बहुतांश पाणी असतं. ते पाणी उडून जाईपर्यंत त्यावर फवारा मारू नका. ओल्या लोशनवर अल्कोहोल पडला की त्याचं दूध फाटल्यासारखं होतं, बोट फिरवलं की पांढऱ्या वळ्या निघतात आणि त्या वळ्यांबरोबर परफ्यूमही निघून जातो. डबीतलं घट्ट क्रीम किंवा बॉडी बटर जास्त काम करतं, कारण त्यात तेलाचा वाटा जास्त. सर्वांत चिवट पेट्रोलियम जेली, पण ती फक्त मानेच्या दोन बाजूंना आणि कोपराच्या आतल्या घडीत, तांदळाच्या दाण्याएवढी. अंगभर लावलीत तर शाळेच्या गणवेशवाल्या पोरांपेक्षा तुमच्यावरच जास्त धूळ बसेल.

एका शिक्षिकाबाईंचंच उदाहरण देतो, कारण त्यांची दिनचर्या तुमच्यासारखीच होती. सकाळची शाळा, गुलाब आणि पॅचुलीचा परफ्यूम, तक्रार तीच. त्यांना मी आठवडाभर एक गोष्ट करायला सांगितली: डाव्या हाताला काही नाही, उजव्या हाताला तेलाचे तीन थेंब, आणि दोन्हींवर सारख्याच अंतरावरून एकेक फवारा. आंघोळ झाली की अंग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्वचा जराशी ओलसर असतानाच तेल लावायचं. मग डबा भरणं, केस विंचरणं यात दहा मिनिटं जाऊ द्यायची. टिश्यूने टिपायचं. वीतभर अंतरावरून फवारा. तो वाळेपर्यंत मिनिटभर थांबून मग साडी. आणि कोणता हात कोणता हे न सांगता शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून नऊ, साडेदहा आणि एक वाजता दोन्ही हात हुंगवायचे.

नऊ वाजता सहकारी बाई म्हणाल्या, डावा जास्त छान येतोय. आमच्या बाई हिरमुसल्या. पण अपेक्षित तेच होतं: कोरड्या हातावर सुरुवातीची उधळण जोरात असते. साडेदहाला डावा जवळजवळ संपला होता, उजव्यावर गुलाब स्पष्ट होता. एक वाजता डाव्यावर काही नाही, उजव्यावर जवळून पॅचुली आणि त्यात गुलाबाची चाहूल. आठवडाभर दिवसागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक पडत राहिला, पण चित्र हेच. हिशेब करा: तीन तासांचे साडेपाच झाले, दहा झाले नाहीत. कुणी ‘चोवीस तास’ म्हणून काही विकत असेल तर सरळ पुढे चला.

दुसऱ्याला का हुंगवायचं, याला कारण आहे. आपलं नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं थोड्या वेळाने सोडून देतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो, तसं. पुष्कळदा परफ्यूम संपलेला नसतो, तुमचं नाक थकलेलं असतं. साडेदहाला तुमचं खरंच काही उरत नाही का, हे आधी एकदा कुणाला तरी विचारा. नाहीतर तुम्ही थर वाढवत जाल आणि स्टाफरूममध्ये शेजारच्या बाई खुर्ची सरकवून बसतील. मस्कचं तर आणखी विचित्र: काही मस्क काही माणसांना येतच नाहीत, बाकीचे वास उत्तम येत असले तरी. मस्कचं लोशन लावून ‘काहीच वास नाही’ म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि त्याच्यामागे उभ्या माणसाला तो वास दारातूनच आलेला असतो.

या युक्तीची हद्दही सांगतो. तुमच्या परफ्यूमच्या सुरुवातीला जे लिंबू किंवा संत्र असेल ते कशानेही दुपारपर्यंत टिकणार नाही. तेल त्याला दहा-पंधरा मिनिटं जास्त थांबवेल, तेवढंच. ज्यांचा सगळा परफ्यूमच लिंबू-पुदिन्याचा आहे त्यांना मी तेल सांगतच नाही, पाच मिलिलिटरची रिकामी फवारणी कुपी देतो आणि मधल्या सुट्टीत एक फवारा मारायला सांगतो. दुसरी हद्द घामाची. मुंबईत किंवा कोकणात एप्रिल-मेमध्ये तेलाचा थर घामाबरोबर सरकतो, चिकचिक होते आणि सुगंधात घामाचा आंबूसपणा मिसळतो. तिथे तेल सोडून द्या, अगदी हलकं जेलसारखं लोशन लावा किंवा त्वचेवर एक फवारा आणि कपड्यावर एक. खरं सांगायचं तर सुती कपड्यावर सुगंध त्वचेपेक्षा जास्त टिकतो, तेलाशिवाय. ओढणीच्या किंवा पदराच्या आतल्या बाजूला मारा. फक्त रेशमावर नको, पैठणीवर तर नकोच, डाग बसला की जात नाही. आणि तन्मणी किंवा मोत्याची नथ घालायची असेल तर आधी परफ्यूम वाळू द्या, मग मोती. अल्कोहोलने मोत्याचं पाणी उतरतं.

घरी तेलात अत्तर मिसळून स्वतःचं सुगंधी तेल करायचा मोह होईल, म्हणून एवढं लिहितो. २० मिलिलिटर तेलाला अत्तराचे पाच थेंब, जास्तीत जास्त. म्हणजे साधारण एक टक्का. दालचिनी आणि लवंगेचं तेल यात घालू नका, त्वचा लाल होते. लिंबू किंवा बर्गमॉटचं पिळून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका, तिथे भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. शाळेच्या मैदानावर उभं राहणाऱ्या माणसासाठी तर हे आलंच. नवीन काहीही आधी कोपराच्या घडीत लावून दोन दिवस पाहा. इसब असेल तर त्या जागेवर सुगंधी काहीच नको. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि परफ्यूम कपड्यावर घ्या.

राहिलं ते व्हॅनिलाचं लोशन. फेकू नका. रात्री झोपताना लावा, किंवा कधी चंदन, अंबर किंवा औद असलेला परफ्यूम घेतलात तर त्याच्याखाली वापरून पाहा. तिथे ते गुलाबासारखं अंगावर येणार नाही.